पॉलिसीच्या एका पानाचे वाचन: पित्ताशयाचे खडे, प्रतीक्षा काळ आणि खोलीभाड्याची ओळ

प्रश्न: माझ्या बाबांना (वय ६२) डिसेंबर २०२५ मध्ये सोनोग्राफीत पित्ताशयात खडे असल्याचे समजले. सर्जननी दुर्बिणीची शस्त्रक्रिया सांगितली आहे, पण फार घाई नाही म्हणाले. पॉलिसी १० ऑगस्ट २०२३ पासून सुरू आहे, मध्ये खंड नाही. घेताना बाबांचा मधुमेह लिहून दिला होता. गेल्या ऑगस्टमध्ये नूतनीकरणाच्या वेळी विमा रक्कम ३ लाखांवरून ५ लाख केली. सोबत पॉलिसीच्या पानाचा फोटो आहे. त्यात 'एक्सक्लूजन्स' या मथळ्याखाली पित्ताशयाच्या खड्यांचे नाव सरळ लिहिलेले आहे. ते वाचल्यापासून आई घाबरली आहे. आम्ही लालबागला राहतो. क्लेम मिळेल का, आणि खोली कोणती घ्यावी?

उत्तर:

आपल्या आईंची भीती त्या मथळ्यामुळे निर्माण झाली आहे, आणि ती स्वाभाविक आहे. 'एक्सक्लूजन्स' म्हणजे अपवर्जने, अर्थात ज्यांचे पैसे कंपनी देत नाही अशा गोष्टी, आणि त्याखाली आजाराचे नाव दिसले की दार बंद झाले असेच कोणालाही वाटेल. परंतु फोटो मोठा करून पाहिला तर प्रत्येक परिच्छेदाच्या शेजारी बारीक अक्षरात एक संकेतांक छापलेला दिसेल: Code-Excl01, Code-Excl02 असा. विमा नियामक प्राधिकरणाने, म्हणजे आयआरडीएआयने, २०१९ मध्ये या परिच्छेदांची भाषा सर्व कंपन्यांसाठी जवळजवळ एकसारखी केली आणि त्यांना हे क्रमांक दिले. यातील पहिले तीन क्रमांक कायमचा नकार देत नाहीत. ते प्रतीक्षा काळ आहेत, म्हणजे ठरावीक तारीख उलटली की त्यांचा जोर संपतो. चौथ्या क्रमांकापासून पुढे जे येते ते मात्र पॉलिसी कितीही जुनी झाली तरी लागू राहते. दोन्ही प्रकार एकाच मथळ्याखाली छापण्याच्या पद्धतीमुळे मी आजवर अनेक घरांत अकारण रडारड झालेली पाहिली आहे.

पित्ताशयाच्या खड्यांचे नाव आपल्या पानावर Excl02 मध्ये आहे. त्या परिच्छेदाचा सरळ मराठीत अर्थ असा होतो: 'पुढे दिलेल्या यादीतील आजार व शस्त्रक्रिया यांचा खर्च पहिली पॉलिसी सुरू झाल्यापासून सलग २४ महिने पूर्ण होईपर्यंत दिला जाणार नाही. अपघातामुळे उद्भवलेल्या दाव्याला ही अट नाही. विमा रक्कम वाढवली असल्यास वाढीव रकमेपुरता हा काळ नव्याने मोजला जाईल. यादीतील आजार आधीपासूनचा असेल, तर दोन्हींपैकी जो प्रतीक्षा काळ मोठा असेल तो लागू होईल.' या यादीत खड्यांच्या सोबतीला मोतीबिंदू, हर्निया, मूळव्याध, गुडघ्याचे सांधेरोपण असे सावकाश वाढणारे आजार असतात. आजार झाल्यावर पॉलिसी घ्यायची आणि महिन्याभरात शस्त्रक्रिया करून घ्यायची, हे टाळण्यासाठी ही यादी केलेली असते. आपला प्रारंभ १० ऑगस्ट २०२३ चा आहे, म्हणून २४ महिने ९ ऑगस्ट २०२५ रोजी पूर्ण झाले. निदान त्यानंतरचे आहे. त्यामुळे ज्या ओळीने आई घाबरल्या, ती ओळ मूळ ३ लाखांपुरती आज निष्प्रभ झालेली आहे.

मूळ ३ लाखांपुरती असे मी मुद्दाम म्हटले. गेल्या ऑगस्टमध्ये वाढवलेल्या २ लाखांसाठी Excl02 चे घड्याळ तेव्हापासून पुन्हा शून्यावरून सुरू झाले आहे आणि ते ९ ऑगस्ट २०२७ पर्यंत चालेल. म्हणजे कार्डावर ५ लाख छापलेले असले तरी या शस्त्रक्रियेपुरती आपल्या हातातील रक्कम ३ लाख समजावी. दुर्बिणीने पित्ताशय काढण्याच्या साध्या शस्त्रक्रियेला मुंबईतील मध्यम रुग्णालयात ३ लाख सहसा पुरतात, म्हणून एकूण रकमेची मला काळजी वाटत नाही. मला काळजी खोलीभाड्याची वाटते, आणि त्याकडे मी थोड्या वेळाने येतो.

त्याआधी Excl01, म्हणजे आधीपासूनचे आजार. आपल्या पानावर त्यासाठी ३६ महिने लिहिलेले आहेत. १ एप्रिल २०२४ पासून नियामकाने हीच कमाल मर्यादा ठरवली आहे, पूर्वी ती ४८ महिने होती. आपल्या बाबतीत हा काळ ९ ऑगस्ट २०२६ रोजी संपेल, म्हणजे आज तो चालू आहे. मधुमेह या परिच्छेदात येतो, कारण पॉलिसी घेण्यापूर्वी त्याचे निदान झालेले होते. परंतु परिच्छेदाची भाषा 'आधीपासूनचा आजार आणि त्याची थेट गुंतागुंत' अशी आहे. मधुमेह असणाऱ्यांमध्ये पित्ताशयाचे खडे अधिक प्रमाणात आढळतात हे खरे, तरीही खडे ही मधुमेहाची थेट गुंतागुंत नव्हे. मधुमेहामुळे पायाला जखम होऊन ती चिघळली असती तर गोष्ट वेगळी होती. तेव्हा केवळ मधुमेह आहे म्हणून या शस्त्रक्रियेचा दावा नाकारणे कंपनीला जड जाईल. दाखल असताना केवळ साखरेसाठी म्हणून जे इन्सुलिन, ज्या तपासण्या किंवा मधुमेहतज्ज्ञांच्या ज्या भेटी वेगळ्या लावल्या जातील, तेवढी रक्कम मात्र कापली जाऊ शकते. ती सहसा काही हजारांत असते.

खरा धोका खड्यांच्या वयात आहे. १० ऑगस्ट २०२३ च्या आधी, कंपनीच्या वार्षिक तपासणीत किंवा दुसऱ्या कशासाठी, बाबांची पोटाची सोनोग्राफी झाली होती का, आणि तिच्यात 'गॉलब्लॅडर कॅल्क्युलस' किंवा 'कोलेलिथियासिस' असे काही लिहिलेले होते का, हे घरातील जुन्या फायलींत शांतपणे पाहावे. असा अहवाल असेल तर खडे स्वतःच आधीपासूनचा आजार ठरतात, Excl02 मधील 'जो काळ मोठा तो लागू' ही ओळ जागी होते आणि प्रतीक्षा ९ ऑगस्ट २०२६ पर्यंत लांबते. शिवाय पॉलिसी घेताना भरून दिलेल्या प्रस्तावपत्रात त्याचा उल्लेख का केला नाही, हा प्रश्नही उभा राहील. असा अहवाल सापडल्यास तो दडवू नये. कंपनीचा तपासनीस त्याच रुग्णालयाच्या किंवा प्रयोगशाळेच्या नोंदी मागवू शकतो, आणि दडवलेला कागद सापडला तर एका दाव्याचा प्रश्न पूर्ण पॉलिसी रद्द होण्यापर्यंत जातो. सलग ६० महिने पूर्ण झाल्यावर, सिद्ध झालेली फसवणूक वगळता, माहिती लपवल्याच्या कारणाने दावा नाकारता येत नाही. आपले मात्र अजून ३० महिनेही झालेले नाहीत. अहवाल असेल तर सर्जनना तो दाखवून ऑगस्टपर्यंत थांबणे वैद्यकीयदृष्ट्या योग्य आहे का, हे त्यांनाच ठरवू द्यावे. आणि मध्येच कावीळ, थंडीताप किंवा न थांबणारी पोटदुखी सुरू झाली, तर तारखा बाजूला ठेवून रुग्णालय गाठावे.

जुना अहवाल नसेल, तर आपली बाजू भक्कम आहे, फक्त ती रुग्णालयाच्या केसपेपरवर बिघडू देऊ नका. हे मी अनुभवाने सांगतो. मी अनेक वर्षे एका टीपीएमध्ये, म्हणजे कंपनीच्या वतीने दावे तपासणाऱ्या संस्थेत, कागद वाचण्याचे काम केले. तेव्हा एका रुग्णाच्या केसपेपरवर रात्रपाळीच्या निवासी डॉक्टरांनी पोटदुखी '७ महिन्यांपासून' ऐवजी '७ वर्षांपासून' अशी लिहून ठेवली होती. इंग्रजीतील एका अक्षराचा फरक होता. दावा नाकारला गेला आणि ती चूक दुरुस्त करून घेण्यात त्या कुटुंबाचे पाच महिने गेले, कारण दावा नाकारल्यानंतर केलेल्या दुरुस्तीकडे प्रत्येक जण संशयानेच पाहतो. त्यामुळे दाखल होताना बाबांना 'किती दिवसांपासून त्रास आहे?' असे विचारले जाईल तेव्हा आपण शेजारी उभे राहावे. बरीच वडीलधारी माणसे अशा वेळी 'पोटाचा त्रास तर मला कधीपासूनचाच आहे' असे सहज बोलून जातात. त्यांच्या मनात असते साधे अपचन, आणि कागदावर उतरतो आजाराचा इतिहास. खरी तारीख आणि खरे लक्षण सांगावे. मधुमेह किती वर्षांपासून आहे हा आकडाही प्रस्तावपत्रातील आकड्याशी जुळतो ना, ते आधीच पाहून घ्यावे. प्रस्तावपत्राची प्रत आपल्याकडे नसेल तर ती कंपनीकडून ई-मेलने मागवावी.

आता खोलीभाडे. आपल्या फोटोत वरच्या तक्त्यातील एक ओळ अर्धी कापली गेली आहे, पण जे दिसते ते असे: साध्या खोलीसाठी प्रतिदिन विमा रकमेच्या १ टक्का, अतिदक्षता विभागासाठी २ टक्के. घरात ही ओळ कोणाच्या लक्षात आली नसेल, कारण तिच्यात आजाराचे नाव नाही आणि ती अपवर्जनांच्या मथळ्याखालीही नाही. तरीही आपले सर्वांत जास्त पैसे या ओळीतून जाऊ शकतात.

१ टक्का कशाचा, हा पहिला प्रश्न. ५ लाखांचा धरला तर दिवसाला ५ हजार, ३ लाखांचा धरला तर ३ हजार. या आजारासाठी वाढीव २ लाख अजून प्रतीक्षेत असल्याने दावे तपासणारे खोलीभाड्याची पात्रताही बहुधा जुन्या ३ लाखांवर मोजतात. आपल्या पॉलिसीच्या शब्दांत याचे उत्तर स्पष्ट नसेल, तर कंपनीला ई-मेल करून 'पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेसाठी खोलीभाड्याची पात्रता किती रुपये?' एवढाच प्रश्न विचारावा आणि उत्तर लेखी घ्यावे. ते येईपर्यंत हिशेब ३ हजारांवर करावा.

दुसरा प्रश्न असा की पात्रतेपेक्षा महाग खोली घेतली तर काय होते. बहुतेकांची समजूत अशी असते की खोलीच्या भाड्यातील फरक आपण भरायचा आणि बाकीचे बिल कंपनी देईल. तसे घडत नाही. मुंबईतील बहुतेक मोठ्या रुग्णालयांत सर्जनची फी, भूलतज्ज्ञांची फी, शस्त्रक्रियागृहाचे शुल्क आणि डॉक्टरांच्या भेटी हे सर्व खोलीच्या वर्गानुसार बदलते. तीच शस्त्रक्रिया, तेच सर्जन, तेच टेबल, तरीही स्वतंत्र खोलीतील रुग्णाकडून जास्त फी घेतली जाते. म्हणून कंपनी म्हणते की तुम्ही ज्या वर्गाला पात्र होता त्या प्रमाणातच आम्ही या सर्व फींचे पैसे देऊ. याला प्रमाणशीर कपात म्हणतात.

एक हिशेब करून पाहू. यातील रुपये मी उदाहरणासाठी घेतले आहेत, रीत मात्र खरी आहे. समजा बाबांना दिवसाला ६ हजारांची स्वतंत्र वातानुकूलित खोली घेतली आणि ते तीन दिवस राहिले. खोलीचे झाले १८ हजार. सर्जन, भूलतज्ज्ञ, शस्त्रक्रियागृह आणि भेटी मिळून ७२ हजार. औषधे व शस्त्रक्रियेचे साहित्य २४ हजार, तपासण्या ११ हजार, आणि नातेवाइकांचे जेवण, कपडे धुलाई, फाइल उघडण्याचे शुल्क अशा किरकोळ गोष्टी ५ हजार. एकूण १ लाख ३० हजार. पात्रता ३ हजारांची आहे, म्हणजे घेतलेल्या खोलीच्या निम्मी. तेव्हा खोलीचे ९ हजार मिळतील. ७२ हजारांचेही निम्मेच, म्हणजे ३६ हजार मिळतील. औषधे, साहित्य, शरीरात बसवायची उपकरणे आणि तपासण्या यांवर अशी कपात करता येत नाही, असे नियामकाने २०२० मध्ये स्पष्ट केले आहे, म्हणून ते २४ आणि ११ हजार पूर्ण मिळतील. किरकोळ ५ हजार मिळणार नाहीत. कंपनीकडून येतील ८० हजार, आणि डिस्चार्जच्या खिडकीपाशी आपल्याला भरावे लागतील ५० हजार. खोलीतील फरक मात्र कागदावर फक्त ९ हजारांचा दिसत होता.

आता तेच बाबा, तेच सर्जन, पण दिवसाला ३ हजारांची दोघांत एक अशी खोली. खोलीचे ९ हजार. खालच्या वर्गात सर्जन वगैरेंची फीसुद्धा कमी लागते, ती ५४ हजार धरू. औषधे २४, तपासण्या ११, किरकोळ ५. बिल झाले १ लाख ३ हजार, कंपनी देईल ९८ हजार, आपल्या खिशातून जातील ५ हजार. पडद्याच्या जागी भिंत हवी, एवढ्यासाठी ४५ हजार रुपये जास्त मोजावे लागतात. कंपनीने पात्रता ५ हजारांची मान्य केली, तर पहिल्या खोलीतही चित्र बरेच बदलते: खोलीचे १५ हजार, फींचे ७२ पैकी ६० हजार, अधिक ३५ हजार, म्हणजे १ लाख १० हजार मिळून आपल्यावर २० हजारांचा भार येईल. म्हणून तो एका ओळीचा ई-मेल आधी पाठवावा, असे मी सांगत आहे.

या हिशेबात दोन पथ्ये आहेत. जे रुग्णालय खोलीच्या वर्गानुसार फी बदलत नाही, त्याच्या बिलावर प्रमाणशीर कपात करता येत नाही. परळ, दादर भागातील काही लहान नर्सिंग होममध्ये सर्व रुग्णांना एकच दर असू शकतो. तसे असेल तर रुग्णालयाच्या लेटरहेडवर ते लिहून घ्यावे आणि दाव्यासोबत जोडावे, कारण दावा तपासणारा माणूस हे आपणहून शोधायला जात नाही. दुसरे पथ्य पॅकेजचे. अनेक रुग्णालये या शस्त्रक्रियेसाठी खोलीच्या वर्गानुसार एकरकमी पॅकेज सांगतात. ते घेताना त्यात फी किती, औषधे व साहित्य किती, ही विभागणी मागावी. विभागणी नसेल तर कपात सरसकट पूर्ण पॅकेजवर होण्याचा धोका असतो, आणि औषधांना मिळणारे संरक्षण हातचे जाते.

एक आडवी सूचना. सध्या काही ठिकाणी याच शस्त्रक्रियेसाठी रोबोटचा पर्याय सुचवला जातो. रोबोटिक शस्त्रक्रिया पॉलिसीतून वगळता येत नाही, पण तिच्यासाठी वेगळी उपमर्यादा, म्हणजे विमा रकमेच्या आतली कमी कमाल रक्कम, ठेवलेली असू शकते. आपल्या फोटोत ते पान नाही. सर्जननी रोबोटचे नाव काढले तर आधी ते पान पाहावे. त्याच पानाच्या आसपास सहभुगतानाची, म्हणजे 'को-पे'ची, ओळ आहे का हेही पाहावे. साठीपुढील व्यक्तींच्या पॉलिसीत ती बरेचदा असते, आणि असेल तर मान्य झालेल्या रकमेतूनही तेवढे टक्के आपल्याला भरावे लागतात. वरील हिशेब मी ती नाही असे धरून केला आहे.

उरलेली अपवर्जने आपल्याला फारशी लागू नाहीत. वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रिया, सौंदर्यासाठीच्या शस्त्रक्रिया, वंध्यत्वावरील उपचार, साहसी खेळ, चष्म्याचा नंबर घालवणे, यांतील काहीही आपल्या प्रकरणात येत नाही, आणि त्यांची नावे वाचून झोप घालवण्याचे कारण नाही. फक्त Excl04 कडे लक्ष द्यावे. त्याचा अर्थ असा की केवळ तपासणी आणि निदानासाठी दाखल झाल्यास पैसे मिळत नाहीत. पोट दुखले म्हणून बाबांना एक रात्र दाखल केले, सोनोग्राफी, रक्त, एमआरआय करून 'शस्त्रक्रिया पुढच्या महिन्यात करू' म्हणून घरी सोडले, तर तो दावा याच परिच्छेदाखाली नाकारला जाऊ शकतो. त्याऐवजी तपासण्या बाहेरून करून घ्याव्यात, पावत्या डॉक्टरांच्या चिठ्ठीसह जपून ठेवाव्यात आणि शस्त्रक्रियेनंतर त्यांची मागणी करावी. दाखल होण्यापूर्वीचे ठरावीक दिवस, बहुधा ३०, आणि घरी आल्यानंतरचे, बहुधा ६०, असा त्याच आजाराचा खर्च पॉलिसीत धरलेला असतो. आपल्या पॉलिसीतील आकडा तक्त्यात असेल.

आता करायच्या गोष्टी, क्रमाने. रुग्णालय कंपनीच्या कॅशलेस यादीत आहे का आणि आपल्या पात्रतेत बसणारी खोली तिथे मिळते का, हे विमा कक्षात जाऊन विचारावे. फोनवर विचारलेले तेथे कोणाच्या लक्षात राहत नाही. शस्त्रक्रियेच्या दोनतीन दिवस आधी पूर्वमंजुरीचा अर्ज पाठवावा. त्यातील वैद्यकीय भाग सर्जन भरतात. तो पाठवण्याआधी आपण वाचावा, आणि विशेषतः 'त्रास कधीपासून', 'पहिले निदान कधी' आणि 'सोबतचे आजार' हे तीन रकाने. त्या अर्जासोबत डिसेंबरची सोनोग्राफी, सर्जनचा सल्ला लिहिलेला कागद आणि २०२३ पासूनची तिन्ही वर्षांची पॉलिसीची पहिली पाने जोडावीत. सलगता सिद्ध करणारा पुरावा ती पानेच असतात. केवळ या वर्षीचे पान जोडल्यास ५ लाखांची नवी पॉलिसी समजून शंका काढली जाते, असे मी पुष्कळदा पाहिले आहे. २०२४ च्या नियमांप्रमाणे पूर्वमंजुरीचा निर्णय एका तासात आणि डिस्चार्जच्या वेळचा अंतिम निर्णय तीन तासांत व्हायला हवा. तीन तास उलटल्यामुळे रुग्णालयाने वाढीव आकार लावला, तर तो कंपनीने भरायचा आहे. पूर्वमंजुरीत आलेली रक्कम ही सुरुवातीची असते, ती कमी दिसली तर घाबरू नये. अंतिम बिल गेल्यावर ती वाढते.

डिस्चार्जच्या आदल्या संध्याकाळी तात्पुरते बिल आणि डिस्चार्ज समरीचा मसुदा मागून घ्यावा. त्यात खड्यांचा कालावधी किंवा मधुमेहाची वर्षे चुकलेली असतील, तर दुरुस्ती त्याच वेळी, डॉक्टरांच्या सही-शिक्क्यासह करून घ्यावी. प्रमाणशीर कपात झाली असेल तर कोणत्या रकमेवर, किती टक्के आणि पॉलिसीच्या कोणत्या कलमाखाली, याचा तक्ता मागावा. त्या तक्त्यात औषधे किंवा तपासण्यांवर कपात दिसली, तर ती चूक आहे आणि तसे लिहून कळवावे.

दावा नाकारला गेला किंवा चुकीची कपात कायम राहिली, तर प्रथम कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी कळवावे. एका महिन्यात उत्तर आले नाही किंवा उत्तर पटले नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येते. लालबागहून त्यांचे मुंबई कार्यालय दूर नाही, ते सांताक्रूझ पश्चिमेला एस. व्ही. रोडवर जीवन सेवा अॅनेक्स या इमारतीत आहे. तिथे फी लागत नाही, वकील चालत नाही, ५० लाखांपर्यंतच्या तक्रारी ऐकल्या जातात, आणि कंपनीच्या नकारापासून एक वर्षाच्या आत अर्ज करायचा असतो. माझ्या मते आपल्यावर ती वेळ येणार नाही, जर जुनी सोनोग्राफी नसेल आणि खोली पात्रतेत घेतली असेल.

आईंना दाखवण्यासाठी पानावरच पेन्सिलने तीन तारखा लिहाव्यात. Excl03, म्हणजे पहिल्या ३० दिवसांची प्रतीक्षा, मूळ रकमेसाठी सप्टेंबर २०२३ मध्ये आणि वाढीव रकमेसाठी सप्टेंबर २०२५ मध्ये संपली. Excl02 मूळ रकमेसाठी ९ ऑगस्ट २०२५ ला संपले. Excl01 ९ ऑगस्ट २०२६ ला संपेल. दरम्यान वरच्या तक्त्याचा कापला गेलेला भाग दिसेल असा फोटो पुन्हा काढावा, जुन्या फायली पाहाव्यात आणि खोलीभाड्याच्या पात्रतेबद्दल कंपनीचे उत्तर मागवावे. रुग्णालयात खोलीची आगाऊ रक्कम भरण्यापूर्वी ते उत्तर आणि तो फोटो मला दाखवा, म्हणजे प्रत्यक्ष दर घेऊन हाच हिशेब पुन्हा मांडता येईल.